मदत हवी आहे: पत्रमित्राला शिवीचा अर्थ कसा विचारावा?

एक विद्यार्थी इंग्लंडमधल्या पत्रमित्राला चित्रपटात ऐकलेल्या ‘ब्लडी’चा अर्थ विचारतोय. शब्दकोशात ‘रक्ताळलेला’ सापडतं, पण संवाद होता ‘इट्स ब्लडी कोल्ड’. तिथे रक्ताचा संबंध नाही, थंडीवर नुसता जोर आहे. म्हणून मसुद्यात शब्द सुटा न ठेवता पूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत दिलंय, कोण कोणाला म्हणालं तेही. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, शिवी आपल्यालाच घातलीय! पुढे विचारलंय, मित्रांत चालतो का, शिक्षकांसमोर चालतो का? अर्थापेक्षा हेच महत्त्वाचं; ब्रिटनमध्ये हा शब्द सौम्य समजतात, तरी वर्गात तो खटकतो.

अडलंय एका जागी. पत्र मित्राच्या आईवडिलांच्या हाती पडलं तर? शब्द पूर्ण लिहावा, की पहिलं अक्षर आणि पुढे फुल्या? फुल्यांमुळे त्याच अक्षराची दुसरी, जास्त जहाल शिवी वाचली जाईल. काय करावं?