कोडिंग आणि व्हीएमसाठी ३० हजारांत मशीन : ऑफिसमधून निघालेलं जुनं की नवं असेंबल केलेलं?

घाटमाथा : मी टीई कॉम्प्युटरला आहे, सांगलीत खोली घेऊन राहतो. व्हीएस कोड, ब्राउझर आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये तीन उबुंटू सर्व्हर, त्यांवर kubeadm ने कुबरनेटिस शिकतोय. अधूनमधून एक विंडोज व्हीएमही लागते. ८ जीबीचा लॅपटॉप तिसरी व्हीएम लावली की गुदमरतो. रॅम बोर्डवरच आहे, वाढत नाही. मॉनिटर-कीबोर्ड आहेत. काय घेऊ?

नवाकोरा : नवंच घे. रायझन ५ ५६००जी, सहा कोर, बारा थ्रेड, ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असल्याने कार्डाचा खर्च नाही. तीन व्हीएमना दोन-दोन कोर दिले की सहा तिथेच संपले, म्हणून चार-सहा थ्रेडच्या जुन्या मशीनवर तुझा हिशेब बसणारच नाही. शिवाय वॉरंटी मिळते. विद्यार्थ्याने हातातले सगळे पैसे वापरलेल्या मशीनवर लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

लॅबवाली : प्रोसेसर चांगला सुचवलात, पण कोरचा हिशेब असा होत नाही. व्हीएमला दिलेला कोर तिच्यासाठी राखून ठेवलेला नसतो. शिकण्याच्या क्लस्टरमधल्या व्हीएम बराच वेळ नुसत्या बसून असतात, त्यामुळे सहा कोरच्या मशीनवर चार व्हीएमना मिळून आठ कोर दाखवले तरी चालतं. जास्तीत जास्त काम थोडं हळू होतं. रॅमचं तसं नाही. व्हीएमने एकदा वापरलेली रॅम ती बंद होईपर्यंत सहसा परत मिळत नाही.

घाटमाथाचाच हिशेब मांडते. उबुंटू डेस्कटॉप, ब्राउझर आणि व्हीएस कोड मिळून ५ जीबी धरा. kubeadm प्रत्येक नोडला किमान २ जीबी मागतं. मुख्य नोडला ३ द्या, बाकी दोघांना दोन-दोन. झाले १२. म्हणजे ८ जीबीत हे बसणं शक्यच नव्हतं आणि १६ जीबीत आरामात बसतं. पण विंडोज ११ ची व्हीएम त्याच वेळी उघडली की आणखी ४ जीबी लागतात आणि १६ काठोकाठ भरतात.

काठोकाठ भरल्यावर काय होतं ते आमच्या लॅबमध्ये मुलांना कळतच नाही. होस्ट, म्हणजे तुमचं मूळ मशीन, व्हीएमची रॅम गुपचूप डिस्कवर टाकायला लागतो. आतल्या उबुंटूला त्याचा पत्ता नसतो, तिथे `free -h` मध्ये जागा दिसतेच. मग क्लस्टरच्या नोंदी ठेवणाऱ्या etcd ला वेळेवर उत्तर देता येत नाही, `kubectl get nodes` मध्ये नोड कधी Ready, कधी NotReady दिसतो, आणि मुलं दोन-दोन तास नेटवर्कच्या फाइलींत चूक शोधत बसतात. त्या वेळी होस्टवर हे चालवा :

```
vmstat 1
```

si आणि so या दोन रकान्यांत ओळीमागून ओळ शून्याऐवजी आकडे येत राहिले, तर दोष रॅमचा आहे. तुमची फाइल बरोबर असू शकते.

म्हणून माझा क्रम असा : आधी रॅम, मग एसएसडी, उरलेल्या पैशांत प्रोसेसर. तो क्रम पाळायचा तर कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेलं छोटं मशीन घ्या. थिंकसेंटर एम७२०क्यू किंवा ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो, आय५-८५००टी असलेलं. सहा कोर आहेत, ३५ वॉटचा प्रोसेसर आहे, लॅपटॉपच्या डीडीआर४ रॅमचे दोन स्लॉट आहेत. आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत सातव्या पिढीचे नेहमीचे आय५ नाहीत.

मुलीचा बाबा : माझी मुलगी आर्किटेक्चरला आहे. तिलाही हेच चालेल का? कॉलेजने ग्राफिक्स कार्ड सांगितलंय.

लॅबवाली : नाही दादा, तिचं काम वेगळं आहे. या छोट्या पेटीत साधं ग्राफिक्स कार्ड बसत नाही. तिच्यासाठी कॉलेजने सांगितलेलंच बघा.

एकच टर्मिनल : मुळात तीन व्हीएम हव्यात कशाला? kind वापर. डॉकरमध्ये प्रत्येक नोड म्हणजे एक कंटेनर, सगळे एकाच कर्नलवर. आहे त्या ८ जीबीवर तीन नोड उभे राहतील आणि ३० हजार वाचतील. मी रोजचं काम यावरच करतो.

घाटमाथा : आमच्या प्रॅक्टिकलला kubeadm join स्वतः करून दाखवावं लागतं. एक नोड रीबूट करून क्लस्टर सावरतो का, तेही बघतात.

एकच टर्मिनल : मग त्यापुरत्या व्हीएम लाव, बाकी अभ्यास kind वर कर. स्वॅप बंद करणं, कर्नल मॉड्यूल लावणं हे व्हीएममध्येच नीट शिकता येतं, हे मान्य. पण रोज चार व्हीएम चालवण्यासाठी मशीन घ्यावं, हे मला अजून पटत नाही.

नवाकोरा : रॅम आधी, हे मान्य. पण जुन्या मशीनमध्ये लोक एकच पट्टी टाकून मोकळे होतात. आठ-आठच्या दोन टाका, ड्युअल चॅनेल मिळेल.

लॅबवाली : ५६००जीवर गेम खेळायचे असतील तर तुमचं बरोबर, कारण त्याचं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं आणि त्यातला थोडा भाग बाजूलाही ठेवतं. व्हीएमसाठी मात्र किती जीबी आहे ते वेगापेक्षा महत्त्वाचं. दोन आठ घातल्या की दोन्ही स्लॉट भरले. पुढे ३२ करायचे तर दोन्ही काढून टाकाव्या लागतात. १६ ची एक पट्टी घ्या, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. सध्या रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे हा फरक खिशाला लागतो.

घाटमाथा : दुकानात जाऊन नेमकं काय तपासू?

लॅबवाली : पैसे देण्याआधी विंडोज चालू करून टास्क मॅनेजर उघडा, Performance मध्ये CPU वर जा. तिथे Virtualization: Enabled दिसलं पाहिजे. Disabled असेल तर दुकानदारासमोरच बायोसमध्ये जाऊन चालू करा. खरी अडचण इथेच येते : काही मशीनना आधीच्या कंपनीने बायोसचा पासवर्ड लावलेला असतो, आणि तो दुकानदारालाही ठाऊक नसतो. मग ते बटण तुम्हाला सहजासहजी बदलता येणार नाही, आणि ६४ बिटची व्हीएम धड चालणार नाही. असं मशीन कितीही स्वस्त असो, घेऊ नका. त्याच खिडकीत Memory वर Slots used: 1 of 2 दिसलं तर उत्तम. अडॅप्टर मूळ कंपनीचा आहे का बघा. आत हार्ड डिस्क असेल तर ती फक्त बॅकअपला ठेवा, व्हीएम एसएसडीवरच ठेवा. तीन व्हीएम एकत्र सुरू झाल्या की हार्ड डिस्क ताबडतोब गुडघे टेकते.

नवाकोरा : आणि दोन वर्षांनी? मदरबोर्ड गेला तर छोट्या पेटीचा बोर्ड त्याच कंपनीचा, त्याच मापाचा शोधावा लागेल. माझ्या पर्यायात ५६००जीला चालणारा कुठल्याही कंपनीचा एएम४ बोर्ड बसतो, आणि मोठा प्रोजेक्ट कंपाइल करताना ५६००जी तुमच्या आय५ला मागे टाकतो.

लॅबवाली : दोन्ही खरं आहे. कंपाइलचं काम मुख्य असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण नवा बोर्ड, प्रोसेसर, कॅबिनेट, पॉवर सप्लाय घेऊन ३० हजारांत रॅमला किती उरतात, ते सांगलीच्याच दुकानातून लेखी कोटेशन घेऊन बघा. १६ ची पट्टी आणि ५०० जीबी एसएसडी त्यात बसत असतील तर नवाकोरांचं ऐका. ८ वर थांबावं लागत असेल तर नको.

घाटमाथा : शनिवारी दोन्हीची कोटेशनं घेतो. आमच्याकडे लाइट फार जाते, तर यूपीएस यातच धरू का?

नवाकोरा : धर. दोन्ही पर्यायांत धर. व्हीएम लिहीत असताना वीज गेली की तिची डिस्क बिघडू शकते. मशीन बंद करायला मिनिटंभर मिळालं तरी पुरे.

एकच टर्मिनल : कोटेशनं इथे टाक. आकडे बघितल्याशिवाय मी माझं मत बदलणार नाही.