गिऱ्हाईक पेमेंट ॲपमधून परतले म्हणजे पैसे आले असे धरावे का?

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आमच्या कुंद्याच्या दुकानाच्या वेबसाइटवर बटण दाबले की गिऱ्हाईकाच्या फोनमधले ॲप उघडते आणि पैसेही कापले जातात, पण परत आल्यावर आमच्या पानाला काहीच कळत नाही. परतल्याबरोबर ऑर्डर पक्की धरावी का?

निपाणी: खुशाल धरा. ॲप परतताना `Status=SUCCESS` असा मजकूर देते. आमच्या अँड्रॉइड ॲपमध्ये मी तोच वाचतो आणि त्यावरच बिल फाडतो.

टिळकवाडी: निपाणीकर, आपले म्हणणे अँड्रॉइड ॲपपुरते खरे आहे, कारण तिथे हाक मारणारे ॲप उत्तरासाठी थांबलेले असते. ब्राउझर मात्र दुवा फोनच्या हवाली करून मोकळा होतो.

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Kunda&tr=KN1042&am=480.00&cu=INR
```

पानाला फक्त आपण पुन्हा समोर आलो एवढेच `visibilitychange` मधून कळते, आणि गिऱ्हाईक पैसे न भरता मागे फिरले तरी तेच कळते. म्हणून दुवा देण्याआधीच सर्व्हरवर KN1042 ही ऑर्डर 480 रुपयांची, 'प्रलंबित' म्हणून नोंदवावी. परतलेल्या पानाने दर तीन सेकंदांनी आपल्याच सर्व्हरला विचारावे, सर्व्हरने गेटवेला विचारावे, आणि क्रमांक व रक्कम दोन्ही जुळली तरच ऑर्डर पक्की करावी. ऑर्डर क्रमांक पानाच्या पत्त्यातही ठेवावा, कारण कमी मेमरीच्या फोनवर ॲप उघडताच ब्राउझर मागचे पान टाकून देतो आणि परतल्यावर ते कोरे लोड होते.

आपल्या ॲपमध्येही तो मजकूर गिऱ्हाईकाच्याच फोनवरून येतो, तेव्हा तो बनावट असू शकतो हे कृपया ध्यानात घ्यावे.

खानापूर: आमच्या काजूच्या दुकानाचे दुखणे वेगळेच आहे. समाजमाध्यमाच्या ॲपमध्येच आमचे पान उघडले, तर बटण दाबल्यावर `ERR_UNKNOWN_URL_SCHEME` दिसते आणि पेमेंट ॲप उघडतच नाही. तेच पान क्रोममध्ये उघडले की सारे सुरळीत चालते. शहापूरच्या ताईंनाही हीच अडचण असावी.

टिळकवाडी: त्यांचे ॲप उघडते आहे, दादा. आपल्याकडे त्या ॲपच्या आतल्या ब्राउझरला `upi` हा दुवा कोणाकडे सोपवावा हे ठाऊक नसते. तिथे 'क्रोममध्ये उघडा' असे स्पष्ट लिहावे आणि जोडीला क्यूआर दाखवावा.

निपाणी: बनावट मजकुराचा मुद्दा मला मान्य आहे आणि मी तपासणी सर्व्हरवर नेईन. पण ज्या दुकानदाराकडे गेटवे नाही, केवळ वैयक्तिक खाते आहे, त्याने सर्व्हरकडून कोणाला विचारायचे? बँकेचा संदेश पाहून हाताने ऑर्डर पक्की करणे हाच मार्ग उरतो, आणि दिवसाला दहा ऑर्डरींना तो पुरतो.

टिळकवाडी: दहाला पुरेल, सणाच्या आठवड्यात एकाच रकमेच्या चार ऑर्डरी आल्या की कोणते 480 कोणाचे हे आपण कसे ओळखणार?

शहापूर: आमच्याकडे गेटवे आहे. पण उत्तर बराच वेळ 'प्रलंबित'च राहिले, तर ताजा कुंदा किती वेळ राखून ठेवावा?

निपाणी: पाच मिनिटे.

टिळकवाडी: मी तरी अर्धा तास ठेवीन, कारण कापलेले पैसे उशिरा जमा झाले आणि माल विकला गेलेला असला, तर परतावा आपल्यालाच द्यावा लागतो.