मदत हवी आहे: दुपारच्या सत्राचा बारावीचा पेपर आणि रोजा

मुलीचा बारावीचा एक पेपर दुपारच्या सत्रात आहे, 3 ते 6, वर दहा मिनिटं जादा. रमजान चालू असेल. मार्चच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य साधारण पावणेसातच्या सुमारास मावळतो, म्हणजे इफ्तार रस्त्यात, रिक्षातच.

तारीख बदलून मागत नाही. महिनाभर चालणारा रमजान कुठलंही मंडळ टाळू शकत नाही. सुट्टीचा एखादा दिवस तेवढा सोडतात. 2025 च्या जानेवारीत पोंगल-संक्रांतीमुळे यूजीसी नेटचा 15 तारखेचा पेपर पुढे गेला. त्याच वर्षी 15 मार्चला काही भागांत होळी असल्याने सीबीएसईने बारावी हिंदीच्या पेपरला न येणाऱ्यांना नंतर पेपर द्यायची मुभा दिली. दोन्ही वेळा एकेका दिवसाचाच प्रश्न होता.

मला एवढंच हवंय: पेपर देताच बाहेरच्या पिशवीतला खजूर-पाण्याचा डबा लगेच हातात मिळावा, आणि चक्कर आली तर पाणी प्यायला मिळावं. रोजा सोडायचा की नाही ते तिचं ती ठरवेल.

यासाठी केंद्रसंचालकांना अर्ज कॉलेजमार्फत द्यायचा की थेट? कुणी दिलाय का, किती दिवस आधी?