मदत हवी आहे: कॉमेंटमधल्या प्रश्नांवर व्हिडिओ करताना प्रश्न कसे निवडायचे, नाव कुठे घ्यायचं?

कोकणी_चूल: उकडीच्या मोदकांच्या व्हिडिओखाली तेच तेच प्रश्न येतात: पारी चिरते, उकड कोरडी पडते, मोदक वाफेवर फुटतो. गणपतीआधी यावर व्हिडिओ करायचा आहे. सगळे प्रश्न एकातच घेऊ का? सुरुवातीलाच नावांची यादी वाचली तर लोक पुढे सरकवतात, मग नावं घ्यायची कुठे?

फ्रेमवाला: सर्वांत जास्त लाइक असलेली कॉमेंट उचला, विषय मिळाला.

मृण्मयी_पु: लाइकवरून अंदाज येतो, पण जुन्या कॉमेंटला ते साठत जातात, कालचा चांगला प्रश्न तळाशीच राहतो. YouTube Studio मध्ये Comments उघडून `Contains questions` फिल्टर लावा, आणि नंतर एकदा स्वतः चाळा. ‘माझी पारी चिरली’ यात प्रश्नचिन्ह नाही, तरी तो प्रश्नच आहे.

मग प्रश्न कारणानुसार वेगळे करा. पारी चिरणं आणि उकड कोरडी पडणं बहुधा एकाच कारणाने होतं: पाणी कमी, किंवा उकड गार झाल्यावर मळली. मोदक फुटतो तो सारण ओलं राहिल्याने किंवा पारी तळाशी पातळ झाल्याने. म्हणजे हे दोन व्हिडिओ आहेत.

शूटिंगआधी कॉमेंटखाली विचारा: वाटीभर पिठाला पाणी किती घेतलं? उकड गरम असतानाच मळली का? समजा उत्तर आलं ‘पाऊण वाटी’. मग तेच पीठ एकदा पाऊण आणि एकदा एक वाटी पाण्यात उकडून दोन्ही पाऱ्या शेजारी शेजारी दाखवा. नाव तिथेच घ्या: “यांनी पाऊण वाटी पाणी घेतलं होतं, तेवढंच घेऊन बघूया.” प्रेक्षकाचा तपशील कामाला येतो तिथे नाव ओघात येतं. एकच प्रश्न दहा जणांनी विचारला असेल, तर ज्याच्या तपशिलावर प्रयोग उभा आहे त्याचं नाव बोला, बाकीच्यांची हँडल वर्णनात @ लावून द्या.

बालगोष्टी_ताई: माझं चॅनेल लहान मुलांचं आहे, कॉमेंट बंदच असतात. मी काय करू?

मृण्मयी_पु: ताई, व्हिडिओ मुलांसाठीचा म्हणून नोंदवला की कॉमेंट चालू करता येत नाहीत. पालकांचे प्रश्न ईमेलवर मागवा, पण मुलांची नावं व्हिडिओत घेऊ नका.

फ्रेमवाला: छोट्या प्रश्नाला मोबाइलवरून कॉमेंटला Short ने उत्तर देता येतं. कॉमेंट स्टिकर म्हणून वरच दिसते, वेगळं श्रेय द्यावं लागत नाही.

कोकणी_चूल: पण ‘पाऊण वाटी घेतलं’ म्हणत नाव घेतलं, तर त्यांची चूक चारचौघांत दाखवल्यासारखं नाही का होणार?

मृण्मयी_पु: म्हणून आधी विचारायचं: “तुमचं प्रमाण व्हिडिओत करून दाखवू का, नाव घेऊ का?” उत्तर आलं नाही तर ‘एका प्रेक्षकाने’ म्हणा. व्हिडिओ आला की मूळ कॉमेंटखाली त्या मिनिटाची लिंक द्या.

फ्रेमवाला: कॉमेंट सगळ्यांसमोरच लिहिलेली असते, परवानगी कशाला? हे मला अजून पटलेलं नाही.