मदत हवी आहे: अभ्यास गटाला मेल लिहायचा आहे, केस सारांशाची एकच फाइल करायची आहे

पैनगंगाकाठ:
आज रात्रीच पाठवायचा आहे, म्हणून लवकर सांगा. आमच्या गटात जो तो आपले केस सारांश व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. एकाच केसच्या तीन फाइली होतात, ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘हीच घ्या’, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कोणती खरी ते कळत नाही. मी लिहिलेला मेल असा:

“नमस्कार. आपण मिळून एकच गूगल डॉक करू या. सगळ्यांनी सोयीनुसार केस लिहाव्यात आणि एकमेकांच्या तपासाव्यात. धन्यवाद.”

मागच्या सत्रातही असाच मेल पाठवला होता. सगळ्यांनी ‘छान’ म्हटलं आणि फाइलमध्ये शेवटपर्यंत माझ्याच चार केस राहिल्या. नेमकं काय चुकतंय?

बाभूळबन:
किती जण आहात? विषय कोणता? परीक्षेला किती दिवस उरले? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

पैनगंगाकाठ:
अरे हो. सात जण, तीन वर्षांचा एलएलबी, फौजदारी कायदा. सहा आठवडे आहेत. चौघं पुसदकडच्या गावांतून एसटीनं ये-जा करतात, लॅपटॉप दोघांकडेच आहे.

कोर्टरूम_क्रमांक_तीन:
ताई, वीस वर्षं वकिली करतो म्हणून सांगतो. चूक ‘सोयीनुसार’ या शब्दात आहे. ‘एकमेकांच्या तपासाव्यात’ म्हणजे कोणीच तपासायच्या नाहीत. मेलमध्ये माणसाचं नाव, केसचं नाव आणि वार, तिन्ही हवेत. सात जण, सहा आठवडे, आठवड्याला प्रत्येकी एक केस धरली तर बेचाळीस होतात. तेवढ्या पुरतात. प्रत्येकानं एक लिहायची आणि यादीत आपल्या खालच्याची एक तपासायची.

वऱ्हाडी_गडी:
राजेहो, एवढं कायले करता? लॉ रिपोर्टरमधली हेडनोट उचला, डॉकमध्ये टाका, झालं काम. मी तसंच केलं अन् पासही झालो.

कोर्टरूम_क्रमांक_तीन:
दादा, पास व्हाल, पण हेडनोट निकालाचा भाग नसते, ती संपादकानं लिहिलेली असते. न्यायाधीशांनी जाता जाता म्हटलेलं आणि निकाल ज्यावर उभा आहे तो रेशो, दोन्ही तिथं एकाच वजनानं बसलेलं दिसतं. म्हणून लिहिणाऱ्यानं रेशोच्या प्रत्येक ओळीपुढे मूळ जजमेंटचा परिच्छेद क्रमांक टाकायचा. तपासणाऱ्याचं काम तेवढंच, तो परिच्छेद उघडून ओळ जुळते का ते पाहायचं. क्रमांक नसेल तर ओळ परत पाठवायची. सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर पोर्टलवर निकाल फुकट मिळतात.

धान्याचं_पोतं:
माझी चुलत्यासोबत वाटणीची केस चालू आहे, सातबाऱ्यावर नावच चढत नाही. तुमच्या गटातल्या कोणी तिचा सारांश करून दिला तर वकिलाला दाखवता येईल.

बाभूळबन:
भाऊ, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं नक्की सांगू.

वैनगंगा_विधी:
मी दोन वर्षांपूर्वी अशा गटात होते. आमची फाइल लिहिण्यात कमी पडली नाही, ‘पुढे काय झालं’ या रकान्यात पडली. आपल्याच भागातली केस सांगते, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. आमच्या एकीनं ‘दोषमुक्त’ लिहून फाइल बंद केली. दुसरीनं निकालाचं साल १९७९ लिहिलं, कारण रिपोर्टरमध्ये (१९७९) २ एससीसी १४३ असं आहे. निकाल मात्र सप्टेंबर १९७८ चा आहे.

वऱ्हाडी_गडी:
पण तो निकाल नंतर कोर्टानंच रद्द केला ना? सरांनी शिकवलं होतं.

वैनगंगा_विधी:
इथंच घोळ होतो. रद्द झाला तो एडीएम जबलपूर, १९७६ चा. तो २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात स्पष्ट शब्दांत मोडीत काढला गेला. तुकारामच्या बाबतीत १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये संसदेनं कायदाच बदलला. ताब्यातल्या बाईशी संबंध सिद्ध झाला आणि तिनं कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच कोर्टानं धरून चालायचं, असं पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १२० आहे. म्हणजे केस ‘उलटवली’ असं लिहिलं तरी चूक आणि नुसतं ‘दोषमुक्त’ लिहिलं तरी अर्धवट.

म्हणून तिसरी भूमिका ठेवा. दर आठवड्याला एका जणानं नवीन काही लिहायचं नाही. सहा केस घ्यायच्या, प्रत्येकीचं पुढे काय झालं ते पाहायचं आणि जुन्या कलमापुढे नवं कलम टाकायचं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत आणि जुन्या निकालांत ३०२, ३७६ च दिसतात. आणखी एक, पीडितेचं नाव फाइलमध्ये कुठंच लिहू नका, केस आरोपीच्याच नावानं ठेवा.

कोर्टरूम_क्रमांक_तीन:
मान्य. मग केस बेचाळीस नाही, छत्तीस होतील. चालेल.

बाभूळबन:
फाइल कोण सांभाळणार तेही लिहा. आमच्याकडे कोणीतरी बसमध्ये फोनवर बोट फिरवताना अर्धं पान उडवलं होतं. Version history मधून परत आणलं, पण दुपार गेली. सगळ्यांना फक्त Commenter ठेवा.

वैनगंगा_विधी:
मग लिहिणार कसे? Editor राहू द्या, पण दुसऱ्याच्या पानावर हात लावायचा तर Suggesting मध्येच. आणि गावात नेटवर्क जातं, तेव्हा घरून निघण्याआधी फाइल ऑफलाइन करून ठेवायची.

पैनगंगाकाठ:
सगळ्यांचे आभार. असा लिहिला आहे:

“नमस्कार. पुढच्या सहा आठवड्यांत फौजदारी कायद्याच्या छत्तीस केसांची एकच फाइल करू या. सोबत यादी आहे, तुमच्या नावापुढे तुमची केस आणि तुम्ही तपासायची केस लिहिली आहे. लिहिणाऱ्यानं शुक्रवारी रात्रीपर्यंत एक पान भरायचं: फॅक्ट्स, इश्यू, निकाल, रेशो आणि परिच्छेद क्रमांक. तपासणाऱ्यानं रविवारपर्यंत परिच्छेद उघडून पाहायचा आणि पानाच्या तळाशी आपलं नाव टाकायचं. नाव नसलेलं पान परीक्षेसाठी वापरायचं नाही. दर आठवड्याला एक जण लिहिणार नाही, तो ‘पुढे काय झालं’ आणि नवं कलम भरेल. पहिल्या आठवड्यात हे काम माझं. फाइलची मांडणी मी सांभाळते, ती कोणी बदलू नये. यादीतलं काही जमणार नसेल तर बुधवारपर्यंत सांगा, अदलाबदल करू.”

दोघं मराठीतून पेपर लिहितात, बाकीचे इंग्रजीतून. फाइल कोणत्या भाषेत ठेवू?

कोर्टरूम_क्रमांक_तीन:
इंग्रजीत. अधिकृत निकाल इंग्रजीतच असतो.

वैनगंगा_विधी:
रेशोची ओळ इंग्रजीत, खाली मराठीत दोन ओळी. नाहीतर ते दोघं आठवड्याभरात गळतील.

वऱ्हाडी_गडी:
दोनदा लिहाले कोणाले वेळ हाय?

पैनगंगाकाठ:
मेल गेला. तीन उत्तरं आली, त्यात एकीनं बुधवारऐवजी आत्ताच केस बदलून मागितली आहे. भाषेचं अजून ठरलेलं नाही, उद्या एसटीत विचारते.