शब्दचर्चा : ‘साभार’, ‘सौजन्य’ आणि ‘श्रेय’

शाईपेन : वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी लोणार सरोवराचं छायाचित्र हवं आहे. गूगलच्या चित्रशोधात `Tools` उघडलं की `Usage rights` दिसतं. त्याला मराठीत ‘वापरहक्क’ म्हणावं का? आणि चित्राखाली ‘गूगलवरून साभार’ लिहिलं की पुरतं ना?

दवंडी : ‘वापरहक्क’ मला पटत नाही. हक्क छायाचित्रकाराकडेच राहतो, आपल्याला मिळतो तो अटी घातलेला परवाना. मी ‘वापराच्या अटी’ म्हणेन.

‘साभार’ मात्र पुरत नाही. साभार म्हणजे आभारांसह. संपादक कविता ‘साभार परत’ करायचे, तेव्हा आभार कवीचे असत. इथे आभार कुणाचे? गूगलने ते चित्र काढलेलंही नाही आणि ते त्याच्या मालकीचंही नाही. ‘सौजन्य’ लिहिलं तर मालकाने स्वतः चित्र दिलं असा अर्थ होतो. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे निर्मात्याने अटींसह इतरांना वापराची मुभा देणाऱ्या परवान्यात `BY` असतं तेव्हा मागितलेलं असतं ते श्रेय : हे काम कुणाचं, ते नावानिशी सांगणं.

रानवाटा : एवढी चिकित्सा कशाला? `Usage rights` मध्ये `Creative Commons licenses` निवडा. गूगल तपासूनच दाखवतं. मी कायम असंच करते. विकिपीडियावरचं तर सगळंच मोफत असतं.

दवंडी : निवड बरोबर सांगितलीत, पण गूगल तपासत नाही. संकेतस्थळाने चित्रासोबत परवान्याची जी माहिती दिली असेल, तिच्यावर ही गाळणी चालते. माहिती चुकीची असली तरी चित्र गाळणीतून पार होतं, आणि माहितीच दिली नसेल तर चांगलं मुक्त चित्रही मागे राहतं. इंग्रजी विकिपीडियावर चित्रपटांची पोस्टरं असतात, ती मुक्त नसतात. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या साठ्याचं वेगळं, तिथे व्यापारी वापराला मनाई करणाऱ्या `NC` किंवा बदल करायला मनाई करणाऱ्या `ND` अटीचे परवाने चालतच नाहीत.

शाईपेन, लोणारपुरतं असं करा. गाळणी लावून शोधा, चित्रावर टिचका, `License details` दिसेल ते उघडा. तिथेही थांबू नका, चित्राच्या मूळ पानावर जा. समजा ते कॉमन्सवर निघालं आणि परवाना `CC BY-SA 4.0` आहे. आता `Author` पुढचं नाव वाचा आणि पान खाली सरकवून `Metadata` बघा. कॅमेऱ्याचं नाव आणि तारीख असेल तर चित्र टाकणाऱ्यानेच ते काढलं असण्याची शक्यता वाढते. चित्र अगदी लहान असेल, ही माहिती नसेल आणि त्याच खात्यावरची बाकीची चित्रं वेगवेगळ्या हातांची वाटत असतील, तर कुणीतरी दुसऱ्याचं चित्र आपलं म्हणून चढवलेलं असू शकतं. चोराने दिलेला परवाना आपल्याला वाचवत नाही. अशा वेळी मी दुसरं चित्र शोधतो.

काजवा : माझा प्रश्न थोडा वेगळा. मी काढलेला जत्रेचा फोटो एका साप्ताहिकाने ‘सौजन्य : इंटरनेट’ लिहून छापला. फार वाईट वाटलं. माझे फोटो कुठे कुठे वापरलेत ते या गाळणीने सापडेल का?

दवंडी : नाही. गाळणी परवाना बघते, चित्राचा माग काढत नाही. त्यासाठी गूगल लेन्समध्ये तुमचा फोटोच टाकून शोधा. छापील अंकातलं मात्र त्यात सापडणार नाही. तुमच्या नावाची जागा इंटरनेटला देणं हा अन्यायच आहे.

शाईपेन : आमच्या स्मरणिकेत गावातल्या दुकानांच्या जाहिराती असतात. परवान्यात `NC` असेल तर?

रानवाटा : अंक फुकट वाटता ना? मग तो व्यापारी वापर कसा?

दवंडी : मला खात्री देता येत नाही. परवान्याची भाषा विचारते की वापर मुख्यतः व्यापारी लाभासाठी आहे का. फुकट अंकात छपाईखर्चापुरत्या जाहिराती असल्या तर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मी अशा वेळी छायाचित्रकाराला दोन ओळी लिहून विचारतो, किंवा `NC` नसलेलं चित्र घेतो.

शाईपेन : चित्र मिळालं, कॉमन्सवरचंच. मुखपृष्ठावर बसावं म्हणून वरचं आभाळ कापलं. अशी ओळ चालेल?

```
लोणार सरोवर. छायाचित्र : (छायाचित्रकाराचं नाव),
विकिमीडिया कॉमन्स. परवाना : CC BY-SA 4.0,
creativecommons.org/licenses/by-sa/4.0
वरचा भाग कापला आहे.
```

दवंडी : उत्तम. बदल केला हे सांगणं परवान्याच्या 4.0 आवृत्तीत बंधनकारक आहे, ते बहुतेक जण विसरतात. नाव त्यांनी पानावर जसं लिहिलंय तसंच घ्या, टोपणनाव असलं तरी. आणि कापलेलं चित्र कुणी मागितलं तर तेही याच परवान्याखाली द्यायचं, `SA` चा अर्थ तोच.

रानवाटा : माझ्या जुन्या लेखांत सगळीकडे ‘गूगल साभार’ आहे. आता काय करू?

दवंडी : 4.0 मध्ये सवड आहे. श्रेय चुकलं की परवाना आपोआप संपतो, पण चूक कळल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केली तर तो पुन्हा लागू होतो. 3.0 आणि त्याआधीच्या परवान्यांत ही सवड नाही. त्यामुळे आधी प्रत्येक चित्राच्या परवान्याची आवृत्ती बघा.

काजवा : आणि ‘परवाना’ऐवजी ‘अनुज्ञप्ती’ का नको?

शाईपेन : आमच्या वाचकांना परवाना कळतो, गाडी चालवायचाही तोच असतो.