दरपत्रक मागितलं, यादी आली

उंबरठा: आमच्या फिरतीवरच्या दहा जणांसाठी फोन घ्यायचेत. डीलरला हौसेनं मराठीत मेल केला: 'विक्री प्रतिनिधींसाठी चांगल्यातले दहा मोबाइल हवे आहेत. कृपया दरपत्रक पाठवावे.' दुसऱ्या दिवशी दुकानातल्या झाडून सगळ्या फोनांची चार पानी यादी आली. चूक माझी की शब्दाची?

जुना कारकून: शब्दाला बोल लावू नका. आम्ही नोकरीभर 'दरपत्रके मागविण्यात येत आहेत' असंच लिहिलं आणि पाकिटातून कोटेशनच निघालं. पण खाली तपशील जोडलेला असायचा. तुम्ही मॉडेल लिहिलं होतं का? रॅम, स्टोरेज?

उंबरठा: नाही. 'चांगल्यातले' एवढंच.

नेमका: कोटेशन कशाला? 'निविदा' हा आपला शब्द आहे.

जुना कारकून: एका दुकानदाराकडून दहा फोनांची निविदा? लिफाफे कुणासमोर फोडणार?

चिंचगूळ: आमच्याकडे नव्या मुलानं 'कृपया आपले अवतरण पाठवा' असं लिहिलं होतं. डीलरचा फोन आला, 'कुणाचं?'

काउंटरवाला: मी मोबाइलच्या दुकानातच बसतो. दरपत्रक म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे यादीच येते. कोटेशन म्हटलं की लेटरहेडवर तुमच्या फर्मचं नाव, मॉडेल, दहा नग, एका नगाचा दर, कर आणि भाव किती दिवस राहील ते. ऑफर संपली की भाव हलतो, म्हणून ती मुदत विचारून घ्याच.

शब्दाची खरी मारामारी पुढे आहे. 'कर धरून' की 'अधिक कर'? एकानं कर धरून 15,000 सांगितले, दुसऱ्यानं 13,000 अधिक जीएसटी. दुसरा स्वस्त वाटतो, पण 18 टक्के चढले की 15,340 होतात. दहा फोनांना 3,400 रुपये जास्तच. मेलमध्ये लिहा, 'मूळ दर आणि जीएसटी वेगळे दाखवावेत.' तुमचा जीएसटी नंबरही द्या, नाहीतर बिल साध्या गिऱ्हाइकासारखं फाटेल आणि कराची वजावट मागताना तुमचा अकाउंटंट बोंबलेल.

नेमका: 'दर' तरी कुठे आपला आहे? 'दररोज'मधला फारसी 'दर' आहे तो.

चिंचगूळ: तो 'प्रत्येकी'वाला. भावाचा दर वेगळा असणार.

नेमका: 'दर नगाला अमुक' म्हणता म्हणता तोच भाव झाला असेल.

उंबरठा: नवा मेल असा: 'सोबतच्या मॉडेलचे, 8 जीबी रॅम आणि 128 जीबी स्टोरेजचे 10 नग हवेत. मूळ दर व जीएसटी वेगळे दाखवून, दर किती दिवस वैध आहे ते नमूद करून कोटेशन द्यावे. बिलावर प्रत्येक फोनचा आयएमईआय असावा. बिल पुढील जीएसटी क्रमांकावर करावे.' विषयात 'क्षेत्रीय विक्री पथकासाठी' असं टाकलंय.

जुना कारकून: क्षेत्रीय म्हणजे विभागाचं झालं. तुमची माणसं फिरतीची ना?

काउंटरवाला: फिरतीची असतील तर बॅटरीचं लिहा की राव.

नेमका: 'पथक' म्हटलं की मला ढोल-ताशाच आठवतो.